चार्जिंगचा फोन, झिणझिण्या आणि खरा धोका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पावसाळा लागला की सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो : चार्जिंगला लावलेला फोन हातात घेऊ नका, करंट लागून जीव जाईल. वर्तमानपत्रांतही अधूनमधून चार्जिंगवरच्या मोबाइलवर बोलताना कोणी दगावल्याची चार ओळींची बातमी येते. चार्जर कुठला होता, एक्स्टेन्शन बोर्ड कुठे ठेवला होता, माणूस ओल्या अंगाने होता का, याचा त्यात पत्ता नसतो. मग चांगला चार्जर वापरणारे उगाच धास्तावतात आणि ज्यांनी खरोखर सावध व्हायला हवे ते निर्धास्त राहतात. म्हणून हे सविस्तर पत्र.

आधी फोनपर्यंत काय पोहोचते ते पाहू. भिंतीतल्या पॉइंटला 230 व्होल्टचा एसी असतो. चार्जर तो आत घेतो आणि केबलमधून साधारण 5 किंवा 9 व्होल्टचा डीसी बाहेर देतो. फास्ट चार्जिंगमध्ये हा आकडा सहसा 20 व्होल्टपर्यंत जातो. एवढ्या व्होल्टेजने कोरड्या हाताला धक्का बसत नाही. फोनवर बोलणे, मेसेज करणे, व्हिडिओ पाहणे यातले काहीही हे व्होल्टेज वाढवत नाही. त्यामुळे वापरल्याने फोनमध्ये करंट उतरतो हा समज निराधार आहे. प्रश्न एकच उरतो : भिंतीतले 230 व्होल्ट चार्जर ओलांडून केबलमध्ये येऊ शकतात का?

चांगल्या चार्जरच्या आत दोन वेगळे भाग असतात. एका बाजूला मेनचा करंट, दुसऱ्या बाजूला फोनकडे जाणारा. मध्ये एक छोटा ट्रान्सफॉर्मर असतो. त्याच्या दोन गुंडाळ्यांची तार एकमेकींना लागत नाही, ऊर्जा चुंबकीय क्षेत्रातून पलीकडे जाते. गुंडाळ्यांमध्ये दुहेरी-तिहेरी इन्सुलेशन असते आणि सर्किट बोर्डवरही दोन्ही बाजूंमध्ये काही मिलिमीटरची मोकळी पट्टी मुद्दाम सोडलेली असते. अशा चार्जरवर एकात एक असे दोन चौकोन छापलेले असतात. त्याचा अर्थ, सुरक्षेसाठी अर्थिंगवर अवलंबून राहावे लागू नये अशी दुहेरी इन्सुलेशनची रचना आत आहे.

या दोन भागांना जोडणारा एक दुवा मात्र मुद्दाम ठेवलेला असतो, आणि लोकांना जाणवणाऱ्या झिणझिण्यांचे मूळ तिथेच आहे. त्याला वाय-कपॅसिटर म्हणतात. चार्जरच्या आतला विद्युत गोंगाट कमी करण्यासाठी तो लागतो. त्याची क्षमता साधारण 1 नॅनोफॅरड धरली, तर 50 हर्ट्झच्या एसीला तो सुमारे 30 लाख ओहमचा अडथळा करतो. 230 व्होल्टला 30 लाखांनी भागा : फार तर 0.08 मिलिअँपिअरच्या आसपास करंट त्यातून पलीकडे झिरपतो. धातूची कड असलेल्या फोनवरून अनवाणी माणसाने हलकेच बोट फिरवले की कधी कधी तो खरखरीत, मुंग्या आल्यासारखा जाणवतो. लादी ओली असेल तर जरा जास्तच. अशा उपकरणांसाठी सुरक्षा मानकांनी घातलेली मर्यादा साधारण 0.25 मिलिअँपिअर आहे, म्हणजे हा करंट तिच्या बराच आत बसतो.

यात आणखी एक घोळ होतो. घाबरून कोणीतरी टेस्टर लावतो आणि फोनच्या धातूच्या कडेवर तो मंदसा पेटतो. मल्टिमीटर लावला तर तो शंभरच्या आसपास व्होल्ट दाखवतो आणि घरात कल्लोळ होतो. पण मीटर स्वतः जवळपास करंट ओढतच नाही, म्हणून हा आकडा पोकळ असतो. जाणकार वायरमन अशा वेळी मीटरला समांतर 10 किलोओहमचा रेझिस्टर लावतो आणि केबलच्या टोकाचे धातूचे कवच व अर्थिंग यांच्यामधले व्होल्टेज पुन्हा मोजतो. चार्जर धड असेल तर शंभराचा आकडा एकदम एका व्होल्टच्याही खाली येतो. रेझिस्टर लावूनही आकडा तसाच चढा राहिला किंवा रेझिस्टर करपला, तर मेनचा करंट थेट पलीकडे आला आहे आणि तो चार्जर फेकायलाच हवा. ही मोजणी घरी कोणी स्वतः करू नये. चालू मेनवरचे काम आहे, ते वायरमनलाच करू द्यावे.

आता बनावट चार्जर. स्टेशनबाहेर पथारीवर मिळणाऱ्या स्वस्त चार्जरमध्ये पैसे वाचवले जातात ते बाहेरून न दिसणाऱ्या जागी. वाय-कपॅसिटर निकामी झाला तर सर्किट तुटावे, जुळू नये, अशा बेताने बनवलेला आणि तपासलेला असतो. त्याच्या जागी साधा सिरॅमिक कपॅसिटर बसवला की तो निकामी होताना शॉर्ट होऊ शकतो. ट्रान्सफॉर्मरमध्ये टेपचा थर वगळलेला असतो, बोर्डवरची मोकळी पट्टी एखाद्या मिलिमीटरवर आलेली असते. मुंबईच्या दमट हवेत तिथे धूळ आणि ओल साचली की करंटला वाट मिळते. यूएल या अमेरिकेतल्या चाचणी संस्थेने 2016 मध्ये ॲपलच्या नावाने विकले जाणारे 400 बनावट अडॉप्टर तपासले. त्यातले जेमतेम 3 पास झाले, आणि 12 अडॉप्टरांची रचना इतकी वाईट होती की जीवघेणा धक्का बसू शकला असता.

असा चार्जर बिघडला की फेज थेट केबलच्या कवचात, तिथून फोनच्या धातूच्या कडेला आणि वायरच्या इअरफोनमध्ये येतो. फोन चालू आहे की बंद, याच्याशी त्याचा काही संबंध नाही. पण हातात धरल्याशिवाय तो करंट अंगात शिरणार कसा? म्हणून चार्जिंगला लावून वापरू नका हा सल्ला चांगल्या चार्जरबाबत फोल असला, तरी संशयास्पद चार्जरबाबत बरोबरच आहे. घामेजलेल्या कानात इअरफोन घालून असा फोन वापरणे तर नकोच.

चार्जर बरा की वाईट हे झिणझिण्यांवरून ठरवू नका. चांगल्या चार्जरच्याही येतात, आणि वाय-कपॅसिटरच गाळलेल्या काही हलक्या चार्जरच्या येत नाहीत. त्याऐवजी चार्जिंगच्या वेळी स्क्रीन वेड्यासारखी वागते का ते पाहा : न लावलेल्या जागी टच होतो, अक्षरे आपोआप उमटतात, केबल काढताच सगळे ठीक होते. चार्जरमधला गोंगाट फोनपर्यंत पोहोचतो आहे याची ही खूण असते. केबल बदलूनही हे थांबले नाही तर चार्जर बदला. झिणझिण्या पूर्वी नव्हत्या आणि आता सुरू झाल्या, किंवा बोट चटकन मागे घ्यावे लागेल असा झटका बसला, तर भिंतीवरचे बटण आधी बंद करा, मगच केबल काढा. नवा चार्जर घेताना भारतीय मानक ब्यूरोच्या, म्हणजे बीआयएसच्या, नोंदणीचा `R-` ने सुरू होणारा आठ आकडी क्रमांक पाहा आणि BIS Care ॲपमध्ये टाका. तिथे कंपनीचे नाव आणि उत्पादन हातातल्या चार्जरशी जुळले पाहिजे, कारण नुसता क्रमांक कोणीही छापू शकतो.

पाण्याचा धोका वेगळा, आणि तिथे चार्जर अस्सल असूनही उपयोग नाही. लंडनमध्ये डिसेंबर 2016 मध्ये एक जण आंघोळीच्या टबात बसून फोन चार्ज करत असताना दगावला. एक्स्टेन्शन वायर बाहेरून आत ओढलेली होती आणि चार्जर त्याच्या छातीजवळ आला होता. धोका फोनच्या टोकाचा नव्हता. चार्जर आणि बोर्ड, म्हणजे 230 व्होल्टची बाजू, पाण्यापाशी आली होती. आपल्याकडे टब कमी असले तरी एका खोलीत मोरी आणि ओटा असलेली घरे पुष्कळ आहेत. मोरीच्या कट्ट्यावर ठेवलेला एक्स्टेन्शन बोर्ड हा तोच प्रकार. ओल्या अंगाचा अडथळा हजार ओहमच्या आसपास उतरू शकतो. म्हणजे 230 व्होल्टला सुमारे 0.23 अँपिअर, आणि एवढा करंट हृदयाची लय बिघडवायला पुरतो.

अशा वेळी एमसीबी पडेल या भरवशावर राहू नका. 6 किंवा 16 अँपिअरच्या एमसीबीला पाव अँपिअरची दखलही नसते. ती वायरिंग जळू नये म्हणून आहे. माणसासाठी लागते ती 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी. फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला करंट यांत तफावत पडली की ती क्षणार्धात पुरवठा तोडते. अंगातून जमिनीकडे करंट गेला तरी ती पडते, म्हणून अर्थिंग धड नसलेल्या जुन्या चाळींतही तिचा उपयोग होतो. तिच्यावर T लिहिलेले बटण असते. महिन्यातून एकदा दाबून ती पडते का ते पाहावे.

उष्णतेबद्दल थोडक्यात. चार्जिंग करताना गेम खेळला की फोन दोन्हीकडून तापतो. लिथियम बॅटरी साधारण 45 अंशांपर्यंत चार्ज करायची असते, म्हणून फोन तापला की चार्जिंग मंद करतो किंवा थांबवतो. यात सहसा स्फोट होत नाही, बॅटरी मात्र लवकर म्हातारी होते. उशीखाली किंवा गादीवर ठेवलेल्या फोनची उष्णता बाहेर जात नाही, ते टाळायलाच हवे. आणि मागचे झाकण फुगले किंवा स्क्रीन कडेने उचलली गेली असेल तर फोन पुन्हा चार्जिंगला लावू नका. झाकण दाबून बसवायला जाऊ नका, बॅटरीला टोचू नका. सर्व्हिस सेंटरला देऊन बॅटरी बदलून घ्या.

संपादक महोदय, आपल्या वार्ताहरांना एक विनंती. अशी दुर्घटना घडली की पोलिसांना आणि वीज निरीक्षकांना चार गोष्टी विचाराव्यात : चार्जरवर कोणाचे नाव आणि कोणता नोंदणी क्रमांक होता, बोर्ड पाण्यापासून किती अंतरावर होता, केबल किंवा वायर सोललेली होती का, आणि त्या घरात आरसीसीबी होती का. उत्तरे मिळाली तर ती बातमीत छापावीत. मिळाली नाहीत तर तेही छापावे.

आपला,
एक विद्युत अभियंता
परळ, मुंबई