परीक्षा पुढे ढकलताय? मग नवी तारीख त्याच परिपत्रकात द्या

प्रति,
मा. मंत्री महोदय,
मंत्रालय, मुंबई

सा. न. वि. वि.

कोल्हापुरात राजारामपुरीत माझी चाळीस खुर्च्यांची अभ्यासिका आहे. परीक्षा पुढे गेली की पोरं आणखी महिना-दोन महिने फी भरतात. त्यामुळे हे पत्र माझ्या धंद्याच्या विरुद्धच आहे म्हणा.

मागच्या पावसाळ्यात एका स्पर्धा परीक्षेला १९ दिवस उरले असताना रात्री नऊच्या सुमारास सगळ्यांचे फोन एकदम वाजले. परीक्षा पुढे ढकलली होती, नवी तारीख 'यथावकाश'. निम्म्या पोरांनी त्याच रात्री बॅगा भरल्या. नवी तारीख नऊ दिवसांनी आली, मूळ तारखेपासून बरोबर सहा आठवडे पुढची. त्या नऊ दिवसांत कुणाचा काडीचा अभ्यास झाला नाही. त्याला आळस म्हणू नका, साहेब. परीक्षेचं नियोजन शेवटच्या दिवसापासून मागे मोजत करतात. तो दिवसच नसेल तर मोजायचं कुठून?

भुदरगडची एक मुलगी कॅलेंडर घेऊन माझ्या टेबलाशी आली. हातात ५२ दिवस होते. तिनं आधी काय केलं, तर १९ दिवसांचं काम ५२ दिवसांवर पसरलं. एका दिवसाचा धडा जवळजवळ तीन दिवसांत. दिसायला निवांत, पण पहिल्या आठवड्यात उजळणी केलेली राज्यव्यवस्था परीक्षेपर्यंत दीड महिना शिळी होणार.

आम्ही ते खोडलं. शेवटचे १९ दिवस होते तसे उचलून नव्या तारखेला चिकटवले: १२ दिवस उजळणी, पाच दिवस रोज एक सराव पेपर, दोन दिवस हलके. मध्ये ३३ दिवस उरले. त्यातले २४ दिवस सकाळी फक्त अर्थशास्त्र, कारण तोच तिचा कच्चा विषय. पुढचे चार दिवस चालू घडामोडींना, कारण परीक्षा पुढे सरकली की त्यांची हद्दही सरकते. आणि पाच दिवस कोरे. कोरे कशाला, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, "ताप येईल, गावात लग्न निघेल, नाहीतर तारीख परत हलेल."

रोज दुपारी एक तास जुन्या विषयांना, आळीपाळीनं. तेवढा तास पुरतो की नाही, हे रविवारी कळायचं. त्या दिवशी मागच्या वर्षांची एक प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवायची. तिसऱ्या रविवारी राज्यव्यवस्थेत पंधरापैकी तेराच्या जागी नऊच बरोबर आले. दुसऱ्या दिवसापासून त्या विषयाचा तास दुप्पट केला. न सोडवलेले पाच सराव पेपर मात्र पाकिटात घालून माझ्या कपाटात ठेवले. मोकळ्या दिवसांत पोरं तेच आधी संपवतात आणि शेवटी तेच पेपर पुन्हा सोडवून वाढलेल्या गुणांवर खूश होतात. ते गुण पाठांतराचे असतात. म्हणून उत्तर बरोबर आलं तरी उरलेले तीन पर्याय चूक का, हे सांगता आलं नाही तर तो प्रश्न येतच नाही असं धरायचं.

तारीख अलीकडे आली तर उलटं दुखणं. एका मुलाचे ५० दिवसांचे २६ झाले आणि त्यानं प्रत्येक गोष्ट निम्मी केली, उजळणीसुद्धा. तिथं निम्मं करून भागत नाही, कापावं लागतं. उजळणीचे १२ दिवस जागचे हलवायचे नाहीत. त्याचे पाच घटक वाचायचे राहिले होते. मागच्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिकांत त्यांवर किती प्रश्न आले ते मोजलं, दोन ठेवले, तीन सोडले. सोडलेल्यांचे फक्त आलेले प्रश्न उत्तरांसह वाचले. सराव पेपर सहाऐवजी तीन. सोडताना त्याचा जीव वर-खाली होत होता, पण दुसरा उपाय नव्हता.

ही डागडुजी आम्ही आमची करून घेऊ. पण ती तारीख हातात असली तरच होते. २०२१ मध्ये राज्यसेवा पूर्वपरीक्षा १४ मार्चला होती, ११ मार्चला ती पुढे ढकलल्याचं कळलं, पोरं रस्त्यावर उतरली आणि शेवटी ती २१ मार्चला झाली. नवी तारीख कळेपर्यंतच्या तासांत कुणी कशाच्या आधारावर पुस्तक उघडावं?

म्हणून मागणी एवढीच. परीक्षा पुढे ढकलली तर नवी तारीख त्याच परिपत्रकात द्या. खरोखरच ठरली नसेल तर 'अमुक तारखेच्या आधी परीक्षा होणार नाही' एवढं एक वाक्य लिहा. आमची पोरं त्या तारखेपासून मागे मोजायला घेतील. आणि अलीकडे आणायची असेल तर किमान ४५ दिवस आधी सांगा, म्हणजे काय सोडायचं ते शांत डोक्यानं ठरवता येईल.

कळावे,
एक अभ्यासिकाचालक
राजारामपुरी, कोल्हापूर