सूचना : ईबेवरचा विक्रेता गप्प झाल्यास तक्रारीची मुदत

पुण्यातील फिल्म कॅमेरा गटाच्या सर्व सदस्यांना,

आपल्यापैकी बरेच जण जुन्या लेन्स आणि सुटे भाग ईबेवरून परदेशातून मागवतात. पार्सल आले नाही आणि विक्रेताही उत्तर देईनासा झाला, तर वाट पाहत बसू नका. ईबेच्या मनी बॅक गॅरंटीखाली तक्रार नोंदवायला 30 दिवस मिळतात. वस्तू आलीच नसेल तर हे दिवस ऑर्डरवर दाखवलेल्या डिलिव्हरीच्या शेवटच्या तारखेपासून मोजतात, विक्रेत्याच्या शेवटच्या मेसेजपासून नव्हे.

समजा, ती तारीख 10 जून होती. विक्रेता म्हणाला, "कस्टममध्ये अडकलंय, थोडं थांबा," आणि मग गप्प झाला. तरी 10 जुलै ही मुदत हलत नाही. खरी फसगत इथेच होते.

खरेदीच्या यादीत त्या ऑर्डरवर जाऊन 'वस्तू मिळाली नाही' अशी नोंद करा. विक्रेत्याला कामकाजाचे 3 दिवस मिळतात. तरीही काही झाले नाही, तर 'ईबेने लक्ष घालावे' हा पर्याय तुम्हालाच निवडावा लागतो. तो वेळेत निवडला नाही तर तक्रार आपोआप बंद होते.

मधेच विक्रेता जागा होऊन "तक्रार मागे घ्या, लगेच पैसे पाठवतो" म्हणाला, तर कृपया ऐकू नका. बंद केलेली तक्रार पुन्हा उघडता येत नाही. पैसे हातात पडेपर्यंत ती चालू राहू द्या.

ईबेबाहेर परस्पर पैसे दिले असतील, तर हे संरक्षण मिळत नाही.

– गटाचे संयोजक