सूचना : बँकेत शिल्लक, तरी पत्रकात तूट

सर्व सभासदांस,
हिशेब वाटल्यापासून जळगावच्या उन्हात गेटवर एकच प्रश्न सुरू आहे: बँकेत वर्षभरात १,०८,००० रुपये वाढले, मग २२,००० ची तूट कशी?

जमाखर्च पत्रक फक्त पैसा कधी आला-गेला ते बघतं, तो कुठल्या वर्षाचा ते नाही. मार्चमध्ये ९ जणांनी पुढच्या वर्षाचा मेंटेनन्स, प्रत्येकी १२,००० आगाऊ भरला. तो जमेत दिसतो, पण यंदाचं उत्पन्न नाही. ताळेबंदात देणं म्हणून बसतो.

उत्पन्न-खर्च पत्रकात २४ फ्लॅटचे २,८८,००० धरलेत. त्यातले ४८,००० चौघांकडून अजून यायचेत (नावं घेत नाही, त्यांना ठाऊक आहे). खर्च ३,१०,०००. त्यात गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचं ७०,००० चं बिल आलं. काम मार्चमध्ये झालं, चेक एप्रिलमध्ये गेला.

ताळा असा: तूट २२,००० आणि थकबाकी ४८,००० वजा, आगाऊ १,०८,००० आणि न दिलेलं बिल ७०,००० मिळवा. बरोबर १,०८,००० येतात.

म्हणून यंदा मेंटेनन्स कमी करण्याचा विषय सभेत घेतलेला नाही. थकबाकी रविवारपर्यंत भरावी.

— खजिनदार