कापलेला टीडीएस आणि न मिळालेला कागद

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विवरणपत्राचे दिवस आले की करसल्लागारांचे लेख सुरू होतात. त्यांत एक वाक्य हमखास असते : ‘ग्राहकाकडून फॉर्म १६ए घ्या.’ फॉर्म १६ए म्हणजे ग्राहकाने आपल्या बिलातून कापलेल्या कराचे, म्हणजे टीडीएसचे, प्रमाणपत्र. ते घ्यायचे म्हणजे नेमके कसे, हे कोणी सांगत नाही. मी घरी बसून भाषांतराची कामे करते. मागच्या वर्षी हा कागद मिळवताना जे कळले, ते लिहिते.

नोव्हेंबर २०२४ मध्ये एका कंपनीला ८०,००० रुपयांचे बिल दिले. त्यांनी १९६१ च्या आयकर कायद्यातल्या कलम १९४जे खाली १० टक्के कापून ७२,००० खात्यात जमा केले. हे कापलेले ८,००० कंपनीचे नव्हेत, माझ्या नावावर सरकारात भरायचा माझाच कर आहे. ऑक्टोबर ते डिसेंबर या तिमाहीचे टीडीएस विवरण कंपनीने ३१ जानेवारीपर्यंत भरायचे असते आणि त्यानंतर पंधरा दिवसांत, म्हणजे १५ फेब्रुवारीपर्यंत, प्रमाणपत्र द्यायचे असते. विसाव्या तारखेला मी माझे २६ एएस, म्हणजे माझ्या पॅनवर जमा झालेल्या कराचा आयकर खात्याकडचा उतारा, उघडले. त्या कंपनीची एकही ओळ नव्हती.

फोन केला. हिशेब खात्यातले गृहस्थ म्हणाले, ‘मॅडम, कापलाय आणि भरलाय पण, काळजी करू नका.’ दोन दिवसांनी कंपनीच्या लेटरहेडवर टाइप केलेले, सही-शिक्क्याचे ‘प्रमाणपत्र’ ईमेलने आले. दिसायला झकास, पण कामाचे नाही. १६ए हा आयकर खात्याच्या ट्रेसेस या संकेतस्थळावरूनच उतरवावा लागतो आणि त्यावर त्याचा स्वतःचा प्रमाणपत्र क्रमांक असतो. तो नसेल तर तो फॉर्म १६ए नव्हेच.

मग मी फोन सोडून ईमेल लिहिला, आणि हीच मुख्य गोष्ट. ‘माझे टीडीएस सर्टिफिकेट पाठवा’ एवढेच लिहिले की उत्तर येते ‘बघतो’. म्हणून बिल क्रमांक व तारीख, बिलाची रक्कम, कापलेली रक्कम, पैसे जमा झाल्याची तारीख, तिमाही आणि माझा पॅन असे सगळे लिहिले. सोबत बिल आणि बँकेच्या उताऱ्यातली ती नोंद जोडली. शेवटी विचारले, ‘ही कपात कोणत्या टॅनखाली, कोणत्या चलनाने भरली आणि तिमाही विवरणात माझा पॅन काय टाकला आहे, तेवढे कळवा.’ टॅन म्हणजे कर कापणाऱ्याचा आयकर खात्यातला क्रमांक.

शेवटच्या प्रश्नाने गाठ सुटली. त्या गृहस्थांनी ट्रेसेसवरून उतरवलेल्या फाइली पाहिल्या. प्रत्येक फाइलच्या नावात पॅन असतो आणि माझ्या पॅनची फाइलच नव्हती. विवरण भरताना माझ्या पॅनमधल्या दोन आकड्यांची अदलाबदल झाली होती. असा पॅन अस्तित्वातच नाही. पण पाच अक्षरे, चार आकडे, एक अक्षर ही घडण बरोबर असल्याने भरताना कोणी अडवले नाही. पैसे सरकारात पोहोचले होते, फक्त कोणाच्याच नावावर नव्हते.

यात कंपनीचाही तोटा होता, तो सांगितल्यावर काम पटापट झाले. पॅन अवैध ठरला की कर १० ऐवजी २० टक्क्यांनी कापायला हवा होता असे धरून उरलेल्या ८,००० ची मागणी, वर व्याज, कंपनीकडेच येते. उपाय एकच, दुरुस्ती विवरण. तेही कपात करणाऱ्यालाच भरता येते, माझ्या हातात काहीच नसते. शिवाय प्रमाणपत्र न दिल्याबद्दल दिवसाला ५०० रुपये, कापलेल्या कराच्या रकमेपर्यंत, दंड होऊ शकतो. दंडाचे हे मी ईमेलमध्ये लिहिले नाही. गरज पडली असती तर लिहिले असते.

दुरुस्ती झाल्यावर काही दिवसांनी २६ एएसमध्ये ओळ उमटली. तिथेही घाई करू नये. नोंदीसमोर ‘F’ असेल तरच ती पक्की. ‘U’ असेल तर चलनाशी मेळ बसलेला नाही, म्हणजे पुन्हा त्याच गृहस्थांना फोन. माझ्या ओळीसमोर ‘F’ होता.

माझ्या एका मैत्रिणीचा अनुभव वेगळा. तिच्या ग्राहकाने कर कापला, पण भरलाच नाही. कर कापला गेला असेल तर तो पुन्हा आपल्याकडून वसूल करता येत नाही, असे त्याच कायद्यातले कलम २०५ सांगते. पण संगणकाला फक्त २६ एएस दिसते, त्यामुळे तिला मागणीची नोटीस आलीच. बिल आणि ‘कापून जमा’ दाखवणारा बँक उतारा जपून ठेवला होता, म्हणून उत्तर तरी देता आले.

आणखी एक. विवरणपत्रात उत्पन्न ८०,००० च दाखवायचे असते, हाती आलेले ७२,००० नव्हे. मी पहिल्या वर्षी ही चूक केली होती. आता प्रत्येक तिमाहीनंतर, विवरणाची मुदत संपून आठवडा झाला की, २६ एएस उघडते आणि बिलांच्या वहीशी ताडून पाहते. विवरणपत्र भरायच्या वेळी शोधायला बसलो तर ते हिशेबवाले गृहस्थ नोकरी सोडून गेलेले असतात.

आपली,
एक वाचक (भाषांतरकार)