काकूंच्या फाईलचं एक पान

प्रिय बंड्या,

काकूंची फाईल आणि तू पाठवलेले गोळ्यांचे फोटो, दोन्ही नीट बसून बघितलं. तू फोनवर म्हणालास की एवढ्या कागदांतून पुढच्या डॉक्टरला नेमकं काय दाखवायचं तेच कळत नाही, म्हणून मी एक पान तयार केलंय, सोबत जोडतोय. पण ते कसं केलं हे तुला माहीत असायला पाहिजे, कारण पुढच्या वेळी काही बदललं की ते तुलाच बदलायचंय. मी दरवेळी असेनच असं नाही आणि मिरजेत काकू एकट्या असतात.

फाईल तारखेप्रमाणे लावलेली आहे, आणि अडचण तिथंच आहे. गुडघ्याच्या डॉक्टरांचा कागद, मग शुगरचा, मग लघवीचा, मग लॅबचे रिपोर्ट, असं सगळं एकामागे एक. प्रत्येक कागद आपापल्या जागी बरोबर आहे, पण एकाचा दुसऱ्याशी संबंध काय हे कुठंच लिहिलेलं नाही. लॉरेन्स वीड नावाच्या अमेरिकन डॉक्टरनं १९६८ मध्ये हेच मांडलं होतं, की पेशंटची नोंद कुणी तपासलं यावर नाही तर पेशंटला त्रास काय आहेत यावर लावा, प्रत्येक त्रासाला नंबर द्या आणि औषध, तपासणी, पुढचा बेत सगळं त्या नंबरखाली लिहा. साधी गोष्ट आहे पण काकूंसारख्या सात-आठ आजार असलेल्या माणसाला याच्याइतका उपयोग दुसऱ्या कशाचा होत नाही असं माझं मत आहे.

सुरुवात आजारांपासून नाही, गोळ्यांपासून करायची. घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत, म्हणजे सगळ्याच, बंद केलेल्या, शेजारणीनं दिलेल्या, मेडिकलवाल्याकडून चिठ्ठीशिवाय आणलेल्या, चूर्ण, काढे, डोळ्यांचे थेंब पण. आणि चिठ्ठीत काय लिहिलंय ते नाही तर काकू खरोखर काय घेतात ते विचारायचं. मग प्रत्येक स्ट्रिपच्या मागं बारीक अक्षरात जे घटक लिहिलेले असतात ते उतरवायचे, कंपनीचं नाव नाही. हे केल्यावर पहिली गोष्ट सापडली. काकूंच्या बीपीच्या दोन गोळ्या आहेत, एकीत टेल्मिसार्टन ४० आणि अम्लोडिपिन ५ एकत्र आहे, आणि दुसरी नुसती अम्लोडिपिन ५. नावं इतकी वेगळी की फोटो बघून कुणालाही दोन वेगळी औषधं वाटतील, पण हिशोब केला तर अम्लोडिपिन रोज १० मिलिग्रॅम चाललंय.

दुसरी गोष्ट म्हणजे प्रत्येक गोळीसमोर दोन गोष्टी लिहायच्या, कशासाठी आणि कधीपासून. या 'कधीपासून'साठी मी जुने कागद चाळले, आणि खरं सांगतो, सगळ्यात जास्त वेळ त्यातच गेला पण सगळं उत्तर पण तिथंच होतं. तूच बघ. मार्चमध्ये गुडघे दुखतात म्हणून डायक्लोफेनॅक सुरू झालं, दिवसातून दोनदा, आणि पंधरा दिवसांसाठी दिलेली गोळी काकू मेडिकलमधून आणून अजून घेतातच. जूनमध्ये बीपी १७० लागलं म्हणून ती दुसरी अम्लोडिपिन वाढवली. ऑगस्टमध्ये पाय सुजले. सप्टेंबरमध्ये सूज उतरावी म्हणून फ्युरोसेमाईड, आपली लघवीची गोळी, आणि ती त्या संध्याकाळी घेतात. नोव्हेंबरमध्ये रात्री चार-पाच वेळा उठावं लागतं, लघवी धरवत नाही म्हणून सॉलिफेनासिन. डिसेंबरपासून बद्धकोष्ठता आणि तोंडाला कोरड, त्याच्यासाठी ते चूर्ण. आणि जानेवारीत रात्री बाथरूमला जाताना त्या पडल्या.

आता हे वरपासून खाली वाच. डायक्लोफेनॅकसारख्या दुखण्याच्या गोळ्या अंगात मीठ-पाणी धरून ठेवतात, बीपी चढतं. अम्लोडिपिन जास्त झालं की घोट्यांना सूज येते, आणि ही सूज पाणी जास्त झाल्यामुळं नसते, बारीक रक्तवाहिन्या सैल झाल्यामुळं असते, त्यामुळं लघवीच्या गोळीनं ती नीट उतरत नाहीच, फक्त काकू रात्रभर उठतात. याला आम्ही प्रिस्क्रायबिंग कॅस्केड म्हणतो, एका औषधाचा त्रास हा नवा आजार समजून त्याच्यावर दुसरं औषध द्यायचं आणि असं पुढं पुढं. प्रत्येक डॉक्टरनं समोर जे दिसलं त्याला औषध दिलं, आधीचा दुवा त्यांच्यासमोर नव्हताच. काकूंच्या बाबतीत हे असंच झालं असं मी शंभर टक्के म्हणत नाही, पण तारखा इतक्या बरोबर बसतात की पहिल्यांदा हेच तपासायला पाहिजे.

आता किडनी. क्रिएटिनिन, म्हणजे स्नायूंतून तयार होणारा आणि किडनीनं बाहेर टाकायचा कचरा, १.४ आहे आणि रिपोर्टवर ते थोडंसंच वर दिसतं म्हणून कुणी फार लक्ष दिलेलं नाही. पण काकू ७८ वर्षांच्या आहेत आणि वजन ५२ किलो. अंगात स्नायू कमी असले की क्रिएटिनिन मुळातच कमी तयार होतं, त्यामुळं १.४ हा आकडा दिसतो तेवढा साधा नाही. वय आणि बाई-पुरुष धरून ईजीएफआर, म्हणजे किडनी किती गाळते त्याचा अंदाज, काढला तर ३८ च्या आसपास येतो, आणि वजन धरून जुन्या सूत्रानं काढला तर २७. म्हणून पानाच्या अगदी वर, नावाखाली, वय, वजन, क्रिएटिनिन आणि ईजीएफआर तारखेसकट लिहिलंय. कुठलाही नवीन डॉक्टर डोस लिहायच्या आधी ते बघेल. या किडनीला डायक्लोफेनॅक, टेल्मिसार्टन आणि लघवीची गोळी तिन्ही एकदम हे फार धोक्याचं मिश्रण आहे, जुलाब-उलट्या झाल्या तर दोन दिवसांत किडनी बसू शकते. मेटफॉर्मिन पण दिवसाला २ ग्रॅम चाललंय, ३८ च्या ईजीएफआरला ते १ ग्रॅमच्या वर नको.

मग समस्यांची यादी. इथं एक नियम पाळ, जेवढं नक्की माहीत आहे तेवढंच लिही. जुन्या कागदावर एका ठिकाणी 'व्हर्टिगो' लिहिलंय आणि तो शब्द पुढं प्रत्येक कागदावर उतरत गेलाय, पण काकूंना विचारलं तर डोकं गरगरत नाही, उठून उभं राहिलं की अंधारी येते. मी त्यांचं बीपी झोपवून घेतलं तर वरचं १४८, आणि उभं करून तीन मिनिटांनी १२२. वीसच्या वर पडलं की ते महत्त्वाचं धरतात. म्हणून पानावर 'व्हर्टिगो' काढून 'उभं राहिल्यावर अंधारी, बीपी २६ नं पडतं' असं लिहिलं.

तुला अंदाज यावा म्हणून दोन समस्या पानावर आहेत तशाच उतरवतो:

१. रात्री पडणं (जानेवारी), उभं राहिल्यावर अंधारी. बीपी झोपून १४८, उभं राहून १२२. संशय: लघवीची गोळी संध्याकाळी, रात्री वारंवार उठणं, पहाटे शुगर कमी होणं. प्रश्न: फ्युरोसेमाईड नेमकं कशासाठी? हार्ट फेल्युअरची नोंद कुठंही नाही, गेल्या वर्षीच्या इकोत पंपिंग चांगलं.

२. डायबेटिस, २० वर्षं. एचबीएवनसी ६.४. मेटफॉर्मिन १ ग्रॅम दोनदा, ग्लिमेपिराईड २ सकाळी. पहाटे घाम, थरथर, कधी कधी. प्रश्न: शुगर गरजेपेक्षा जास्त खाली नेतोय का? मेटफॉर्मिन निम्मं करायचं का?

दुसऱ्या नंबरबद्दल थोडं सांगतो. एचबीएवनसी म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांच्या शुगरचा सरासरी अंदाज, तो ६.४ बघून घरी सगळे खूश आहात हे मला माहीत आहे, पण ग्लिमेपिराईड घेणाऱ्या, किडनी कमजोर असलेल्या, एकट्या राहणाऱ्या ७८ वर्षांच्या बाईला ६.४ हे मला भीतीदायक वाटतं. त्यांच्यासाठी ८ च्या खाली ठेवलं तरी पुरे. शुगर थोडी वर राहिली तर आज काही बिघडत नाही, पहाटे खाली गेली तर खुब्याचं हाड मोडतं.

बाकीचं, म्हणजे गुडघे, बीपी, किडनी, लघवी, थायरॉईड, हे अशाच दोन-तीन ओळींत आहे. थायरॉईडची गोळी त्या कॅल्शियमच्या गोळीसोबतच घेतात असं कळलं, मध्ये चार तासांचं अंतर लागतं, तेवढं आजपासूनच सुरू कर. मोतीबिंदू, गर्भाशयाचं ऑपरेशन हे सगळं तळाशी एका ओळीत. जुने ईसीजी, नॉर्मल आलेले रिपोर्ट पानावर नाहीतच, ते फाईलमध्ये राहू दे. पान दोन झालं की कुणी वाचत नाही, म्हणून काय गाळायचं हे ठरवणं पण कामच आहे.

एक ओळ मी रिकामी ठेवलीय, 'काकूंना काय हवंय'. ती तू भर, पण त्यांना विचारून. मला वाटतं रात्री बाथरूमला जायची भीती नको आणि गल्लीतल्या देवळापर्यंत एकटीनं जाता यावं, एवढंच त्या सांगतील. पण अंदाजानं लिहू नकोस, कारण कुठली गोळी आधी कमी करायची हे डॉक्टर त्यावरून ठरवतील.

आणि हात जोडून सांगतो, हे पान वाचून तू स्वतः गोळ्या बंद करू नकोस. डायक्लोफेनॅक तेवढं थांबव, ते तसंही कुणी चालू ठेवायला सांगितलेलं नाही, दुखलं तर पॅरासिटामॉल ५०० दिवसातून तीनदा चालेल. बाकीचं एकाच डॉक्टरच्या हातात द्यायचं आणि एका वेळी एकच बदल. डायक्लोफेनॅक थांबलं की दोनेक आठवड्यांत बीपी किती खाली येतं ते बघायचं, आलं तर अम्लोडिपिन ५ वर, मग सूज उतरते का, मग लघवीची गोळी, आणि ती कमी करताना रोज सकाळी वजन लिहायचं. दोन-तीन दिवसांत वजन दोन किलो चढलं किंवा झोपल्यावर दम लागला तर लगेच कळव, म्हणजे ती गोळी खरंच लागत होती. सगळं एकदम बदललं तर कशानं बरं वाटलं आणि कशानं बिघडलं काहीच कळणार नाही.

पानावर वर उजव्या कोपऱ्यात तारीख आहे. कुठलीही गोळी बदलली किंवा ॲडमिट व्हायला लागलं की नवीन पान करायचं आणि जुनं पान फ्रीजवरून, पर्समधून, फोनमधून सगळीकडून काढून टाकायचं. काकूंच्या पर्समध्ये एक, फ्रीजवर एक आणि तुझ्या फोनमध्ये फोटो, बास.

सोमवारी त्यांचं क्रिएटिनिन, सोडियम, पोटॅशियम आणि बी-१२ करून घे, मेटफॉर्मिन एवढी वर्षं घेतल्यावर बी-१२ कमी असायची शक्यता असते आणि पायांना मुंग्या येतात असं त्या म्हणाल्या होत्या. आणि ती निळी गोळी, जिची स्ट्रिप अर्धी फाटलीय, तिचा मागचा भाग मला दिसत नाहीये, काकूंकडून परत फोटो काढून घे. ती कळल्याशिवाय पान पुरं नाही.

तुझा,
अन्या

(रिपोर्ट आले की रात्री फोन कर, कितीही वाजता.)