‘ग्रुप डिलीट करा’ म्हणणं सोपं आहे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या पुरवणीतला, गूगलच्या फॅमिली प्लॅनमधून बाहेर कसं पडावं यावरचा लेख वाचला. झोपायच्या वेळी वाचला, एवढी चूक माझी. ‘मालकाने सेटिंगमध्ये जाऊन फॅमिली ग्रुप डिलीट करावा, दोन मिनिटांत सुटका’ असा सल्ला आपल्या लेखकांनी दिला आहे. दोन मिनिटं हा हिशेब बरोबर आहे, मला तर दीडच लागलं होतं. त्या दीड मिनिटाचं अकरा महिने निस्तरतो आहे आणि अजून संपलेलं नाही. म्हणून हे पत्र.

आमच्या ग्रुपमध्ये मी मालक, सौ., मुलगा, सून, धाकटा भाऊ आणि पुतणी, असे सहा जण. गूगलच्या ग्रुपमध्ये मालक धरून सहाच बसतात, म्हणजे गाडी पूर्ण भरलेली. गूगल वनचा, म्हणजे ऑनलाइन साठवणुकीच्या जागेचा, 200 जीबीचा वार्षिक प्लॅन होता आणि पैसे माझ्या कार्डावरून जायचे. भावाने नवा फोन घेतला आणि म्हणाला, “दादा, यापुढे आम्ही आमचं वेगळं घेतो.” म्हटलं, घे बाबा. वर्ष संपायला अजून तीन महिने होते. पण एकदा मनात आलं की मला धीर धरवत नाही (याला सौ. दुजोरा देतील). त्याच संध्याकाळी Delete family group हे बटण दाबलं आणि सुटलो म्हणून चहा घेतला.

माझ्या घरात कुणालाच काही झालं नाही. मुलगा तेवढा कुरकुरला, की यूट्यूबवर पुन्हा जाहिराती दिसायला लागल्या. यूट्यूबचा फॅमिली प्लॅनही त्याच ग्रुपवर टांगलेला असतो हे तेव्हा कळलं. दोन वेगळ्या वर्गण्या, दोन वेगळी बिलं, पण खुंटी एकच. तुम्ही साठवणुकीचा विचार करून खुंटी उपटता आणि गाणीही खाली येतात. आपल्या लेखात याचा उल्लेख नाही.

पाचव्या दिवशी पुतणीचा फोन आला. तिच्या वर्गातल्या मुलीला मुलाखतीचं पत्र मेलवर आलं होतं, हिला नव्हतं. तेवढ्यात एका मैत्रिणीने सांगितलं, की तुला पाठवलेला मेल माझ्याकडे परत येतोय. चार दिवस हिला एकही मेल आला नव्हता आणि हिला वाटलं, कुणी पाठवलाच नाही. जागा भरल्याची पट्टी वर दिसत होती, पण अशा पट्ट्या आपण सगळेच बोटाने बाजूला सारतो. मेल न येणं ही गोष्ट दिसत नाही, संपादक महाराज. फोन बंद पडला तर कळतं. इथे नुसती शांतता असते.

झालं होतं ते असं. प्रत्येक खात्याला स्वतःची 15 जीबी जागा मिळते आणि ती जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून असते. त्यापलीकडे जे जाईल ते ग्रुपच्या सामाईक जागेतून वापरलं जातं. पुतणीचं सामान होतं 61 जीबी. त्यातले मेल जेमतेम तीन जीबी, बाकी फोटो आणि कॉलेजच्या प्रकल्पांचे व्हिडिओ. म्हणजे 46 जीबी माझ्या प्लॅनवर बसलेले. मी ग्रुप मोडला त्या क्षणी तिची मर्यादा 15 वर आली आणि सामान 61 च राहिलं. मर्यादा ओलांडलेल्या खात्यातून मेल जात नाही आणि त्यात येतही नाही. पाठवणाऱ्याला तो परत जातो. ड्राइव्हवर नवं काही चढत नाही, फोटोंचा बॅकअप थांबतो. फोटो जास्त झाले म्हणून पत्रं बंद, असा हा न्याय. भाऊही 18 जीबीवर होता, म्हणजे तोही अडकलाच होता. पण त्याला येतात ते सगळे जाहिरातींचेच मेल, त्यामुळे त्याला चार दिवस उलट बरं वाटलं.

लेखातल्या चौकटीत ‘काढून टाकलेल्या सदस्याचे फोटो नष्ट होतात’ असं छापलं आहे, तेही चूक. काहीही लगेच नष्ट होत नाही. जुनं सगळं जागेवर राहतं, उघडता येतं, उतरवून घेता येतं. खातं दोन वर्षं किंवा त्याहून जास्त काळ मर्यादेबाहेर राहिलं, तर मात्र गूगल त्यातलं सामान काढून टाकू शकते. म्हणजे वाचकांना नको त्याची भीती घातली आणि जे पहिल्याच दिवशी घडतं त्याबद्दल अवाक्षर नाही. परत गेलेले मेल जागा मिळाल्यावर आपोआप पुन्हा येत नाहीत, पाठवणाऱ्यालाच ते पुन्हा पाठवावे लागतात. मुलाखतीचं पत्र पाठवणाऱ्यांनी काही पुन्हा पाठवलं नाही.

दोष गूगलचा नाही. नियम लिहिलेले होते, मी वाचले नाहीत. पण लेख लिहिणाऱ्याने तरी वाचावेत ना? सगळी गोम अशी, की वर्गणी रद्द करणं आणि ग्रुप मोडणं ही दोन वेगळी कामं आहेत. वर्गणी रद्द केली की पुढचं नूतनीकरण थांबतं, पण पैसे भरलेली मुदत संपेपर्यंत सगळ्यांचं सगळं चालू राहतं. ग्रुप मोडला किंवा एखाद्याला Remove member करून काढलं, की त्याची सामाईक जागा तत्काळ जाते, मग तुम्ही पुढच्या तीन महिन्यांचे पैसे भरलेले असोत की नसोत. मी पहिलं करायचं सोडून दुसरं केलं. नुसती वर्गणी रद्द केली असती, तर पुतणीला तीन महिने मिळाले असते आणि माझे पैसेही वसूल झाले असते.

त्या तीन महिन्यांत काय करता आलं असतं? गूगल वनच्या स्टोरेजच्या पानावर मालकाला कोण किती जागा वापरतं ते दिसतं. कुणाचे फोटो, कुणाची पत्रं हे दिसत नाही, आकडा तेवढा दिसतो, आणि तो पुरेसा आहे. 15 च्या आत असलेल्यांची काळजी नाही, ते कधीही बाहेर पडू शकतात. 15 च्या वरच्यांना फोन करायचा. पुतणीपुढे दोन वाटा होत्या. एक, व्हिडिओ संगणकावर उतरवून घेऊन, ते तिथे उघडतात हे पाहून, मग ऑनलाइनचे काढायचे आणि कचरापेटीही रिकामी करायची, कारण तिथलं सामानही जागेत मोजलं जातं. दोन, ग्रुपमधून बाहेर पडायचं आणि त्याच बैठकीत स्वतःचा लहान प्लॅन घ्यायचा, म्हणजे मध्ये पाच मिनिटांचीच फट राहते. सगळे असे मार्गी लागले, की मग मालकाने रिकामा ग्रुप खुशाल मोडावा. तेव्हा दीड मिनिट लागलं तरी चालेल.

आता दुसरी चूक, आणि ती पहिलीपेक्षा महाग पडली. पुतणीचा फोन आल्यावर मी घाबरून तिथल्या तिथे नवा ग्रुप केला आणि तिला त्यात घेतलं. अर्ध्या तासात तिचे मेल सुरू झाले. मी स्वतःवर खूश. पंधरा दिवसांनी भावाने त्याचा प्लॅन घेतला, मुलीला आमंत्रण पाठवलं, आणि तिला तिकडे जाताच येईना. एका वेळी एकाच ग्रुपमध्ये राहता येतं आणि ग्रुप बदलणं 12 महिन्यांतून एकदाच जमतं. तिची ती एक संधी मी माझ्या घाबरटपणात खर्च करून टाकली होती. घाईत बाहेर काढलेल्या माणसाला घाईत परत आत घेऊ नये, हे मला कुणी सांगितलं नाही. त्या दिवशी तिला महिनाभराचा स्वतःचा प्लॅन घेऊन दिला असता तर काम भागलं असतं. आता बाप वेगळा प्लॅन भरतो आणि मुलगी काकाच्या प्लॅनवर. वर्षाचं नूतनीकरणही मला झक मारत करावं लागलं. भाऊ काही बोलत नाही, पण भेटला की “काय दादा, ग्रुप कसा आहे?” एवढं विचारतो.

लेखकांनी ॲपललाही याच माळेत ओवलं आहे. तिथेही मालकी दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही, मालकाने ग्रुप बंद केला की सगळे एकदम बाहेर पडतात. पण लहान मुलाचं खातं असलं, साधारण 13 वर्षांखालच्या मुलाचं, तर ते नुसतं काढताच येत नाही. आधी दुसऱ्या एखाद्या फॅमिली ग्रुपमध्ये हलवावं लागतं, आणि तोवर मूळ ग्रुप बंदही होत नाही. म्हणजे आपल्या लेखातली दोन मिनिटं तिथे मुळात सुरूच होत नाहीत.

जाता जाता, रविवारच्या शब्दकोड्याचं उत्तर सलग तिसऱ्या आठवड्यात छापलेलं नाही. ‘उत्तर पुढील अंकी’ असं मात्र न चुकता छापलं जातं. आडवे शब्द 14 चं काय झालं हे कळलं तर बरं होईल.

फॅमिली प्लॅनच्या लेखाची दुरुस्ती छापणार असाल, तर ती मूळ लेखाच्या जागीच आणि वाचता येईल अशा अक्षरात छापावी. पुतणीची 12 महिन्यांची मुदत पुढच्या महिन्यात संपते. तारीख मी कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवली आहे आणि त्या दिवशी फोन सौ. हातात धरणार आहेत.

आपला,
एक जुना (आणि आता सावध) वाचक