आमच्या पहिल्या शंभर गिऱ्हाइकांना

नमस्कार,

आमच्या आमसूल-आगळाच्या ऑनलाइन दुकानाची शंभरावी ऑर्डर गेल्या आठवड्यात कुडाळहून रवाना झाली. तुमच्यापैकी बहुतेकांनी आम्हाला कधी पाहिलेलंही नाही. कॅश ऑन डिलिव्हरी आम्ही ठेवली नव्हती, कारण पार्सल परत आलं की जाण्यायेण्याचं भाडं आमच्याच अंगावर पडतं. तरीही तुम्ही आधी पैसे भरलेत. त्याबद्दल आभार आहेतच, पण हे पत्र लिहायचं कारण वेगळं आहे. माल पोचल्यावर तुम्ही गप्प बसला नाहीत. विचारलंत, फोटो पाठवलेत, काहींनी तर भांडणही केलंत.

सगळ्यात जास्त विचारणा झाली ती आमसुलांवरच्या पांढऱ्या थराची. पुण्याच्या एका ताईंनी फोटो पाठवून खाली एवढंच लिहिलं होतं, ‘बुरशी?’ माझ्या सासूबाईंनी फोटो मोठा करून पाहिला आणि म्हणाल्या, “बुरशी नाय, मीठ आसा ता.” आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यात रातांबे पिकले की ते फोडून बिया आणि गर बाजूला काढतात. गरात मीठ घातलं की रस सुटतो. साली त्या रसात बुडवायच्या, उन्हात वाळवायच्या, पुन्हा बुडवायच्या. यालाच आम्ही पुटं देणं म्हणतो. प्रत्येक पुटागणिक साल काळी आणि आंबट होत जाते, आणि तिच्यात मीठही मुरत जातं. पुढे आमसूल आणखी सुकलं की तेच मीठ वर येऊन पांढरं दिसतं.

पण ‘ते मीठच आहे’ एवढं सांगून ताईंचं समाधान होईना, आणि त्यांचं बरोबर होतं. दुकानदाराच्या शब्दावर का विसंबायचं? मग आम्ही त्यांना घरच्या घरी पाहायला सांगितलं. आमसूल पाण्यात बुडवून बोट फिरवायचं. मीठ असेल तर बोटाला खरखरीत लागतं आणि लगेच विरघळतं. बुरशी लव आल्यासारखी मऊ दिसते, बऱ्याचदा हिरवट किंवा काळपट असते आणि वासही कुबट येतो. तसं काही दिसलं तर ते आमसूल चाखून बघू नका, सरळ फेकून द्या आणि आम्हाला कळवा. ताईंच्या आमसुलांवर मीठच निघालं. आता हीच माहिती प्रत्येक पाकिटावर छापलेली असते, आणि तिचं श्रेय त्या एका शब्दाच्या प्रश्नाला. पावसाळ्यात उलटं होतं. मीठ हवेतला ओलावा ओढतं आणि आमसुलं चिकट होतात. म्हणून काचेच्या बरणीत घट्ट झाकण लावून ठेवा आणि काढताना चमचा कोरडा घ्या.

दुसरे आभार नागपूरच्या काकांचे. ऐन मे महिन्यात त्यांच्याकडे आगळाची बाटली गळकी पोचली. रागावले, पण खोक्याचे चारही बाजूंनी फोटो काढून पाठवले. डाग बाटलीच्या गळ्याभोवती होते, बूड कोरडं होतं. म्हणजे बाटली फुटली नव्हती, झाकणातून पाझरली होती. उन्हात तापलेल्या गाडीत बाटलीतलं आगळ आणि हवा दोन्ही फुगतात, त्यात बाटली आडवी पडलेली असेल तर आगळ झाकणाकडे ढकललं जातं आणि नुसत्या फिरकीच्या झाकणाला ते पेलवत नाही. आता आम्ही बाटली काठोकाठ भरत नाही आणि झाकणाखाली यंत्राने चिकटवलेलं फॉइलचं सील असतं. काकांना नवी बाटली पाठवली, ती कोरडी पोचली.

जळगावच्या एका दादांनी आगळ सरबतासारखं ग्लासभर पाण्यात भरपूर ओतून प्यायलं आणि “खारट गोळा!” असा निरोप धाडला. हसू आलं, पण चूक त्यांची नव्हती. कोकम सिरपमध्ये साखर असते, आगळात मीठ. तेव्हा ग्लासला एक-दोन चमचे पुरतात आणि सोलकढीत वरून मीठ घालायच्या आधी चव बघायची.

आणि ज्या शिक्षिकाबाईंनी आगळाच्या चार थेंबांत चिमूटभर खायचा सोडा घालून व्हिडिओ पाठवला, त्यांचे खास आभार. लाल रंग बदलून निळसर-हिरवट झाला. कोकमाचा मूळ रंग आंबटपणावर अवलंबून असतो म्हणून असं होतं, वरून घातलेला कृत्रिम लाल रंग सहसा असा पालटत नाही. अर्थात यातून फक्त रंगाचं कळतं, बाकी काय घातलंय ते नाही. व्हिडिओ आम्ही सासूबाईंना दाखवला. त्या म्हणाल्या, चांगल्या आगळाची नासाडी केली बाईंनी.

तुमच्यापैकी काहींनी मुठेल मागितलंय. रातांब्यांच्या बिया वाळवून ठेवल्या आहेत. कुटून, पाण्यात उकळून वर आलेलं तेल काढायचं आणि थिजल्यावर त्याचे मुठीने गोळे वळायचे, असं ते जुन्या पद्धतीचं काम आहे, त्यामुळे थोडंच होईल. ज्यांनी आधी विचारलंय त्यांना आधी कळवू.

आपली,
कुडाळहून पुटं देणारी, सील लावणारी आणि पार्सलं बांधणारी मंडळी